हॉटेलनं पाण्याची बाटली बंद केली; पण सूचना खोलीपुरती की जेवणाच्या हॉललाही?

वाई (प्रतिनिधी) : पाचगणी रस्त्यावरच्या एका हॉटेलात गेल्या आठवड्यात काउंटरवर एक सूचना लागली. येत्या एक तारखेपासून हॉटेलात एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या मिळणार नाहीत. खोलीत काचेच्या दोन बाटल्या भरून ठेवल्या जातील. पहिल्या मजल्यावर, जेवणाच्या हॉलबाहेर आणि पार्किंगजवळ अशा तीन ठिकाणी पाणी भरायची सोय केली आहे, पाहुण्यांनी आपली बाटली सोबत आणावी. खाली तीन कारणं दिलीत. घाटात आणि दरीत बाटल्यांचा कचरा साठतो, प्लास्टिकमधलं पाणी तब्येतीला बरं नाही, आणि रोजचा कचरा उचलून नेणं अवघड होत चाललंय.

कोणीतरी या सूचनेचा फोटो काढला आणि दोन दिवसांत तो आपल्या सगळ्या गावच्या ग्रुपवर फिरला. खाली दोन प्रकारची उत्तरं आली. निम्म्यांनी हात जोडलेले टाकले, "असंच सगळ्यांनी केलं पाहिजे" म्हणाले. निम्मे म्हणाले, "काही नाही हो, बाटलीचे पैसे वाचवायचे धंदे आहेत." हॉटेलचं नाव इथं देत नाही, कारण प्रश्न एका हॉटेलचा नाही. अशा सूचना आता आणखी लागणार आहेत. आपल्या तालुक्यातली शेकडो पोरं-बाया हॉटेलांत कामाला जातात, कोणाची रस्त्यावर टपरी आहे, कोणाचं रान घाटाच्या पायथ्याला ओढ्याकडेला आहे. म्हणून ही सूचना नीट वाचायला हवी. मी हॉटेलात जाऊन आलो, मॅनेजर, कामाला जाणाऱ्या एक ताई आणि बाहेरचा टपरीवाला, तिघांशी बोललो. ग्रुपवरची दोन्ही उत्तरं अर्धी अर्धी खरी आहेत.

खोलीतली बाटली आणि हॉलमधली बाटली

आधी पैशाचा हिशोब लावू. खालचे आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत. हॉटेल बदललं की आकडे बदलतील, पण हिशोबाची रीत तीच राहील.

तीस खोल्यांचं हॉटेल धरा. वर्षभराची सरासरी काढली तर रोज वीस खोल्या भरलेल्या. प्रत्येक खोलीत एक लिटरच्या दोन बाटल्या फुकट ठेवायच्या, म्हणजे रोज चाळीस बाटल्या. घाऊक भावात बाटली दहा रुपयांना पडली, तर रोजचे चारशे रुपये आणि वर्षाचे एक लाख सेहेचाळीस हजार. हा हॉटेलचा निव्वळ खर्च आहे, कारण या बाटलीचे पैसे गिऱ्हाईक वेगळे देत नाही.

आता जेवणाचा हॉल. तिथं वेटर टेबलावर आला की पहिला प्रश्न विचारतो, "साधं पाणी की बाटली?" परगावचा माणूस बहुतेक वेळा बाटली म्हणतो. रोज साठ बाटल्या खपल्या, दहाला घेतलेली बाटली वीसला विकली, तर रोजचे सहाशे रुपये सुटतात, वर्षाचे दोन लाख एकोणीस हजार. बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घ्यायलाही हॉटेलला अडचण नाही. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला जादा दर लावता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये दिलेला आहे. म्हणजे हॉलमधल्या बाटलीची कमाई मी धरली त्याच्याहून जास्तच असू शकते.

बघा, एकाच हॉटेलात एक बाटली खर्चाची आहे आणि एक कमाईची. खोलीतली बंद केली तर फायदा, हॉलमधली बंद केली तर तोटा. म्हणून अशी कुठलीही सूचना वाचताना पहिला प्रश्न एवढाच विचारायचा, की ही बंदी खोलीपुरती आहे की जेवणाच्या हॉललाही आहे? खोलीपुरती असेल तर ग्रुपवर "पैसे वाचवायचे धंदे" लिहिणारा बरोबर आहे. हॉललाही असेल तर मालकानं खिशाला चाट लावून घेतली आहे, आणि हात जोडणारे बरोबर आहेत.

या हॉटेलच्या सूचनेत नुसतं "हॉटेलमध्ये" असं लिहिलंय. मी मॅनेजरना सरळ विचारलं. ते थोडं थांबले. म्हणाले, "सध्या खोल्यांत पूर्ण बंद. हॉलमध्ये मागितली तर अजून देतो. आहे तो माल संपू द्या, मग तिथंही काचेची बाटली ठेवणार." माल कधी संपणार, ही तारीख मात्र त्यांनी सांगितली नाही. सूचनेत ती तारीख आली पाहिजे.

बचतीच्या समोर खर्चही आहे. पाणी शुद्ध करायचं मशीन, तीन ठिकाणचे नळ आणि शंभर काचेच्या बाटल्या मिळून एक लाख दहा हजार धरा. फिल्टर, दिवा, पाण्याची तपासणी यांना वर्षाला पंचवीस हजार. बाटल्या धुवायची रोजची मजुरी सव्वाशे रुपये, म्हणजे वर्षाचे पंचेचाळीस हजार. खोलीतल्या बाटल्यांच्या बचतीतून हे वरचे सत्तर हजार वजा केले तर शहात्तर हजार उरतात. म्हणजे दीड वर्षात मशीनचे पैसे वसूल होतात. इथंच एक धोका आहे. ज्याला ही बचत आणखी वाढवायची असेल, त्याला काटकसर करायला दोनच जागा आहेत, मशीनची देखभाल आणि धुणाऱ्या बाईची मजुरी.

मशीन लावलं म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं नाही

गावात पाणीपुरवठ्याचं काम बघणाऱ्याला ओटी चाचणी माहीत असते. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. टीसीएल पावडरचा हाच गुण आहे. टाकीत मारलेलं क्लोरीन पाण्यासोबत नळापर्यंत येतं, आणि वाटेत थोडी घाण मिसळली तरी जंतू मारत राहतं. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं लागतं.

हॉटेलच्या मशीनमध्ये उलटं होतं. तिथं आधी गाळ अडवणारी कँडल असते, मग कोळशाचा फिल्टर आणि मग यूव्हीचा दिवा किंवा आरओ. कोळशाचा फिल्टर पाण्याचा वास काढतो, तसाच क्लोरीनही काढून टाकतो. यूव्हीचा दिवा समोरून जाणारे जंतू निकामी करतो, पण पाणी दिव्यापुढून गेलं की त्याचं राखण संपलं. पुढं ते पाणी स्टीलच्या टाकीत दोन दिवस राहिलं, टाकीचं झाकण नीट नसलं, नळाला कोणी हात लावला, तर नव्यानं आलेल्या जंतूंना अडवायला पाण्यात काहीच नसतं. अशा पाण्याची ओटी चाचणी केली तर रंग येणारच नाही. ते मशीनच्या बाबतीत बरोबर आहे, पण म्हणूनच टाकी आणि नळ धुण्याला महत्त्व आहे. महागडं मशीन आणि शेवाळलेला नळ, असं पाणी प्यायला गावच्या टाकीच्या पाण्यापेक्षा वाईट असू शकतं.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून-जुलैत पाणी गढूळ येतं. गढूळ पाण्यात यूव्हीचा उजेड आरपार जात नाही, जंतू गाळाच्या कणांआड लपतात. अशा वेळी पुढची कँडल लवकर भरते आणि ती बदलावी लागते. दिवा तर साधारण आठ-नऊ हजार तास चालतो, म्हणजे दिवसरात्र चालू ठेवला तर एक वर्ष. वर्षानंतरही तो निळा पेटलेला दिसतो, पण जंतू मारायची ताकद उतरलेली असते. बघणाऱ्याला वाटतं मशीन चालू आहे.

तिसरी गोष्ट आरओची. पाचगणी-महाबळेश्वरच्या वरच्या भागातलं, वेण्णा तलावाचं पाणी गोडं असतं, त्यात क्षार कमी. तिथं आरओची गरजच नाही. आरओ क्षार काढण्यासाठी असतो आणि एक लिटर चांगलं पाणी देताना एक-दोन लिटर, जुनं झालं तर त्याहून जास्त, बाहेर टाकतो. अडीचशे लिटर प्यायचं पाणी काढायला रोज अडीचशे ते पाचशे लिटर मोरीत गेलं, तर एप्रिल-मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या हॉटेलनं ते कोणत्या तोंडानं करायचं? पाण्यातले विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथं आरओला मनाई करावी, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच म्हटलं होतं. माण-खटावकडं बोअरचं पाणी खारट लागतं, तिथं आरओची गोष्ट वेगळी. पण डोंगरावर चांगली कँडल आणि यूव्ही पुरे. या हॉटेलनं यूव्हीच लावलंय, ही जमेची बाजू.

आणि चौथा प्रकार म्हणजे नुसती फसवणूक. काही ठिकाणी "पाणी भरण्याची सोय" म्हणून जे दिसतं, तो वीस लिटरचा उलटा ठेवलेला जार असतो. बंद बाटलीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर असतो. सुटा थंड पाण्याचा जार टेम्पोतून येतो, त्यावर बहुतेक वेळा ना नंबर, ना भरल्याची तारीख. बाटली बंद करून असा जार ठेवला तर प्लास्टिक कमी झालं, पण पाणी कुठलं ते कोणालाच माहीत नाही.

मग गिऱ्हाइकानं किंवा तिथं काम करणाऱ्यानं ओळखायचं कसं? मशीनशेजारी एक कागद लावलेला असावा. त्यावर दिवा कधी बदलला, कँडल कधी बदलली, टाकी कधी धुतली आणि पाणी प्रयोगशाळेत कधी तपासलं, अशा चार तारखा पाहिजेत. मी गेलो तेव्हा हॉटेलच्या भिंतीवर मशीन बसवल्याची एकच तारीख होती. मॅनेजर म्हणाले, "नवीनच आहे, रजिस्टर ठेवतो." रजिस्टर ऑफिसात नको, नळाशेजारी पाहिजे, असं त्यांना सांगून आलो.

घरच्या घरी करायची एक साधी चाचणीही आहे. जंतू तपासायची छोटी बाटली मिळते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून ठेवलं आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं पडलं, तर पाण्यात शौचाच्या घाणीतले जंतू असल्याचा संशय धरायचा. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना पाणी तपासणीचं शिक्षण दिलेलं आहे, त्यांना हे ठाऊक आहे. हॉटेलला दर महिन्याला ही एक बाटली लावायला काही जड नाही.

"धुवायचं कोणी, ते पण लिहा भाऊ"

काचेच्या बाटलीचं काम वाढतं. हॉटेलात हाउसकीपिंगला जाणाऱ्या आपल्याच भागातल्या एक ताई म्हणाल्या, "आधी बाटल्या आल्या की खोलीत ठेवायच्या, एवढंच होतं. आता रोज चाळीस बाटल्या गोळा करायच्या, ब्रशनं धुवायच्या, वाळवायच्या, भरायच्या, परत वर न्यायच्या. दोन तास जातात. धुवायचं कोणी, ते पण लिहा भाऊ."

बरोबर आहे त्यांचं. बाटली धुणं म्हणजे नुसती विसळणं नाही. गरम पाणी आणि साबण, आतून लांब दांड्याचा ब्रश, परत साध्या पाण्यानं दोनदा, मग उलटी ठेवून पूर्ण निथळू द्यायची. ओली बाटली झाकण लावून ठेवली की दुसऱ्या दिवशी वास येतो. बाटली अरुंद तोंडाची घेतली तर ब्रश तळाला पोचत नाही. म्हणून दिसायला साधी असली तरी रुंद तोंडाची बाटली बरी. आणि काच का, स्टील का नाही? काच फुटते, पण आत घाण असली तर दिसते. स्टीलच्या बाटलीत वाकून बघावं लागतं.

हे दोन तास जुन्याच पगारात बसवले, तर दोन महिन्यांत बाटल्या नुसत्या विसळल्या जातील. त्यात वाईट वागण्याचा प्रश्न नाही, माणूस थकतो. दुसरंही एक नुकसान झालंय. रिकाम्या बाटल्या विकून पोरांना चहापाण्याचे पैसे सुटायचे, तेही गेले. ते पैसे किती होते, त्यावरून पुढची सगळी गोष्ट समजते.

चाळीस पैसे आणि दहा रुपये

एक लिटरची रिकामी बाटली वीस ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एका किलोला पन्नास बाटल्या. भंगारवाल्यानं किलोला वीस रुपये दिले असं धरलं, तर एका बाटलीचे चाळीस पैसे झाले. हॉटेलातल्या शंभर बाटल्यांचे दिवसाला चाळीस रुपये. एका जागी गोळा होतात, म्हणून हॉटेलातली बाटली बहुतेक भंगारात जाते. हे लक्षात ठेवलं पाहिजे. सगळ्या प्लास्टिकमध्ये पाण्याची बाटली हाच भंगारवाला आवडीनं घेतो तो माल आहे. त्याचा धागा होतो, त्याचे कपडे, गालिचे होतात.

मग घाटात बाटल्या येतात कुठून? त्या बहुतेक खोलीतल्या नाहीत. त्या गाडीच्या काचेतून पडलेल्या आहेत. खोली सोडताना पाहुणा भरलेली बाटली सोबत घेतो, किंवा वाईच्या स्टँडजवळ विकत घेतो, आणि पसरणीच्या घाटात वळणावर फोटो काढताना ती खाली जाते. चाळीस पैशांसाठी दरीत कोणी उतरत नाही. पन्नास बाटल्या गोळा करायला अर्धा दिवस कड्यावर हिंडायचं आणि हातात वीस रुपये. म्हणून ती बाटली तिथंच राहते. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला लागते आणि ओढा खाली कृष्णेच्या खोऱ्यात येतो. पलीकडच्या केळघरच्या बाजूनं पडलेली वेण्णेच्या खोऱ्यात जाते. ज्यांचं रान ओढ्याकडेला आहे त्यांना सांगायला नको. रस्त्याखालच्या मोरीत पालापाचोळा आणि बाटल्यांचा बोळा बसतो, पाणी तुंबतं आणि बांध फोडून रानात शिरतं. माझ्याही रानात एकदा शिरलंय. मोरी मोकळी करायला गेलो तर वरचे दोन थर नुसत्या बाटल्यांचे होते, निम्म्यांत अजून पाणी होतं.

म्हणून हॉटेलच्या सूचनेतलं पहिलं कारण, घाटातला कचरा, हे खोलीतली बाटली बंद करून थोडंच सुटतं. त्यासाठी पार्किंगजवळचा नळ जास्त कामाचा आहे. निघताना ज्यानं तिथं आपली बाटली भरली, तो घाटात नवी विकत घेणार नाही. मी बघितलं तर पार्किंगजवळचा नळ मागच्या बाजूला, जनरेटरच्या खोलीपाशी आहे. ड्रायव्हर लोकांना तो सापडला, पाहुण्यांना नाही. तोच नळ गेटजवळ आणला तर दरीतल्या बाटल्या कमी होतील.

कायद्याचं काय? केंद्रानं १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तू बंद केल्या, त्यात कप, ताटं, चमचे, स्ट्रॉ वगैरे आहेत. पाण्याची बाटली त्या यादीत नाही. महाराष्ट्रानं मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, त्यात बाटलीवर परत घ्यायची किंमत छापायची आणि रिकामी बाटली परत घ्यायची व्यवस्था करायची, असं होतं. आपल्या रस्त्यावरच्या टपरीवर कोणी रिकामी बाटली परत घेऊन पैसे हातात ठेवताना मी तरी अजून पाहिलेलं नाही.

असं कुठं जमलंय का? तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात, म्हणजे उटीकडं, जमलंय. तिथल्या डोंगरात दारूच्या काचेच्या रिकाम्या बाटल्या जंगलात पडायच्या, हत्तींच्या पायात काचा जायच्या. मद्रास उच्च न्यायालयानं लक्ष घातल्यावर २०२२ मध्ये सरकारी दुकानांतून बाटलीमागं दहा रुपये जादा घ्यायला सुरुवात झाली. रिकामी बाटली आणून दिली की दहा रुपये परत. त्यानंतर बहुतेक बाटल्या दुकानांत परत येऊ लागल्या. पिणाऱ्यानं टाकली तरी दुसरा कोणीतरी उचलून आणतो, कारण ती आता दहा रुपयांची आहे. त्याच जिल्ह्यात २०१९ पासून पाण्याच्या छोट्या प्लास्टिक बाटल्यांवर बंदी आहे, आणि रस्त्याच्या कडेला पाण्याचे एटीएम बसवलेत. नाणं टाकायचं, आपल्या बाटलीत पाणी घ्यायचं. सिक्कीमनं तर १ जानेवारी २०२२ पासून राज्यभर बाटलीबंद पाण्याला बंदी केली. त्याच्या आधी दहा वर्षं, २०१२ मध्ये, तिथल्या लाचेन या गावानं स्वतःच्या हिमतीवर बाटली बंद केली होती. सुरुवात गावानं केली, सरकार मागून आलं.

दरीतली बाटली चाळीस पैशाला उचलली जात नाही, दहा रुपयांना उचलली जाते. निलगिरीत एवढाच फरक केला गेला.

तब्येतीचं कारण किती खरं?

सूचनेतलं दुसरं कारण, प्लास्टिकमधलं पाणी तब्येतीला वाईट, यावर ग्रुपवर बरीच भीती पसरवली गेली. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये त्यांना प्लास्टिकचे सरासरी सुमारे दोन लाख चाळीस हजार कण सापडले, त्यातले बहुतेक डोळ्यांनाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. कण आहेत हे पक्कं. ते शरीरात जाऊन नेमकं काय करतात, याचा अभ्यास अजून चालू आहे. त्यामुळं "बाटलीच्या पाण्यानं अमुक रोग होतो" असे जे मेसेज फिरतात, त्यांना आज आधार नाही. आणि त्याच अभ्यासात काही कण बाटलीचे नसून पाणी गाळायच्या फिल्टरचे असावेत असंही आढळलं. म्हणजे मशीनच्या पाण्यात कणच नाहीत, असंही हॉटेलला म्हणता येणार नाही. हे कारण सूचनेत खरं असलं तरी दुय्यम आहे. पोट बिघडण्याचा धोका आज आहे, आणि तो बाटलीत नसून न धुतलेल्या टाकीत आहे.

टपरीवाल्याचं म्हणणं

हॉटेलच्या गेटबाहेर भाजलेलं कणीस, लिंबू सरबत आणि पाण्याच्या बाटल्या विकणारा ओळखीचा आहे. त्याला वाटलं मी बातमी लावून त्याच्या पोटावर पाय देणार. म्हणाला, "अरे बाबा, हॉटेलनं बंद केली तर माझ्याकडं जास्त खपतील. त्यांचं नाव होईल, कचरा माझ्या दारात." त्याचं म्हणणं खोटं नाही. हॉटेलातल्या शंभर बाटल्यांपैकी वीस जरी त्याच्या टपरीवर सरकल्या, तरी कचरा कमी झाला तो ऐंशी बाटल्यांचाच, आणि उरलेल्या वीस आता उघड्या रस्त्यावर आल्या, जिथून त्या भंगारात नाही, दरीत जातात.

त्याला विचारलं, बाटलीमागं पाच-दहा रुपये जादा घेऊन रिकामी आणली की परत द्यायचे, जमेल का? विचार करून म्हणाला, "मी एकट्यानं केलं तर गिऱ्हाईक पुढच्या टपरीवर जाईल. सगळ्यांनी मिळून केलं तर करीन. आणि घाट उतरल्यावर वाईत पण परत घेतली पाहिजे, माणूस उलटा वर कशाला येईल?" हे पुस्तकी माणसाला सुचलं नसतं. रिकामी बाटली द्यायची जागा घाटाच्या दोन्ही टोकांना पाहिजे.

महाबळेश्वर-पाचगणी हा भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. तिथं काय करायचं हे ठरवायला नगरपालिका, ग्रामपंचायती आणि जिल्हा प्रशासन सगळे आहेत. येत्या ग्रामसभेत घाटाकडेच्या गावांनी दोन गोष्टी मांडाव्यात. एक, ज्या हॉटेलांनी अशी सूचना लावली त्यांनी हॉलमधली बाटली बंद करायची तारीख आणि पाणी तपासणीच्या तारखा नळाशेजारी लावाव्यात. दोन, घाटाच्या वर आणि खाली दोन्हीकडच्या टपऱ्यांनी मिळून बाटलीमागं परतीचे पैसे ठेवावेत, आणि हॉटेलांनी गेटजवळचा नळ वाटसरूंनाही खुला करावा.

एक तारखेला मी परत त्या हॉटेलात जाणार आहे. हॉलमध्ये बसून पाणी मागीन. वेटर काय विचारतो, ते वाचकांना कळवीन.